टक् असा आवाज आला, सूज चढतेय… सकाळपर्यंत थांबू का?

या वेळी एकाच विषयावरचे प्रश्न एकत्र घेतोय. संबंधाच्या वेळी लिंगाला झालेली इजा, म्हणजे ज्याला आम्ही पेनाईल फ्रॅक्चर म्हणतो ते. प्रश्न वेगवेगळ्या लोकांचे आहेत पण गोंधळ एकच आहे, आणि त्या गोंधळात लोक नेमका तोच वेळ घालवतात जो सगळ्यात मोलाचा असतो. म्हणून कोणाला वाचायला अवघड वाटलं तरी स्पष्टच लिहितोय.

प्रश्न : लिंगात हाडच नसतं ना, मग फ्रॅक्चर कसलं? मित्र म्हणतो हे सगळं नेटवरचं काहीतरी आहे.

हाड नसतं हे खरं, इजा होते हेही खरं. लिंगाच्या आत दोन लांबट पोकळ्या असतात, त्यात रक्त भरलं की ताठरता येते. या पोकळ्यांभोवती एक चिवट आवरण असतं, त्याचं नाव ट्युनिका अल्बुजिनिया. एरवी ते साधारण २ मिलिमीटर जाड असतं, पण ताठरतेत ताणलं जाऊन पाव ते अर्धा मिलिमीटर इतकं पातळ होतं. आत रक्त दाबाने भरलेलं, आवरण पूर्ण ताणलेलं, आणि अशा वेळी लिंग झटक्याने वाकलं तर ते आवरण फाटतं. फाटतानाच तो टक् असा आवाज येतो, काही वेळा बायकोलाही ऐकू जातो. आतलं रक्त त्या फटीतून बाहेर कातडीखाली पसरतं, ताठरता तिथल्या तिथे उतरते आणि सूज चढायला लागते. ताठरता नसताना हे सहसा होत नाही. मित्राला हे वाचायला द्या.

प्रश्न : काल रात्री संबंधाच्या वेळी टक् असा आवाज आला, खूप दुखलं, लगेच बसलं. नंतर सूज आली आणि जांभळं पडलं. पण आता दुखणं कमी आहे. बर्फ लावतोय, पेनकिलर घेतली. दोन दिवस बघू का?

नाही. हे वाचत असाल तर वाचणं थांबवा आणि आत्ता निघा, बाकीचं वाटेत वाचा.

आता सविस्तर सांगतो, कारण याच एका गोष्टीची मला सगळ्यात जास्त काळजी आहे. "दुखणं कमी झालं" हे वाक्य या इजेत सगळ्यांना फसवतं. दुखणं कमी होतं कारण ताठरता गेली, आतला दाब गेला, ताण गेला. फट भरून आली म्हणून नव्हे. फट तशीच आहे, तिच्यावर रक्ताची गुठळी बसली आहे इतकंच. बर्फाने सूज थोडी आटोक्यात राहील, गोळीने ठणका कमी होईल, पण फाटलेल्या दोन कडा एकमेकांना आणून चिकटवणं हे ना बर्फाचं काम आहे ना गोळीचं.

न शिवता सोडलं तर शरीर आपल्या पद्धतीने ती जागा भरतं. मधे गुठळी असल्यामुळे कडा नीट जुळत नाहीत, तिथे जाड व्रण तयार होतो, आणि व्रणाला मूळ आवरणासारखी लवचिकता नसते. मग पुढे ताठरता आली की बाकीचं आवरण ताणलं जातं आणि व्रणाची जागा ताणली जात नाही, त्यामुळे लिंग त्या बाजूला वाकतं. दुसरं म्हणजे ताठरता टिकते ती या आवरणाखाली रक्त अडकून राहतं म्हणून, आवरण एका जागी कमकुवत राहिलं तर रक्त निसटतं आणि ताठरता येते पण टिकत नाही. काही जणांना हाताला गाठ लागत राहते, काहींना ताठरतेच्या वेळी दुखत राहतं, साठलेल्या रक्तात कधी पूही होतो. पूर्वी बर्फ, पट्टी आणि गोळ्यांवरच उपचार व्हायचे, त्यात हे प्रकार जास्त दिसायचे, म्हणून आता निदान पक्कं असेल तर लवकर ऑपरेशन करून शिवणं हाच सर्वमान्य मार्ग आहे.

एक केस सांगतो, ओळख पटणार नाही इतपतच. तालुक्याच्या गावचा, पस्तिशीतला माणूस. रात्री साडेअकराच्या सुमारास बायको वर असताना लिंग बाहेर निसटलं आणि पुढच्या धक्क्याला आत न जाता तिच्या हाडावर आपटून वाकलं. आवाज आला, कळ गेली, ताठरता लगेच उतरली. अर्ध्या तासात लिंग फुगून गडद जांभळं झालं आणि डावीकडे झुकलं. पुस्तकात याला वांग्याची उपमा दिली आहे, आणि एकदा पाहिलं की ती का दिली ते कळतं. तो म्हणत होता सकाळी बघू, बायकोने ऐकलं नाही, दिराला उठवून गाडी काढली. तीनला कॅज्युअल्टीत पोचले. झुकलं डावीकडे म्हणजे फट उजवीकडे असणार, कारण लिंग बहुतेक वेळा फटीच्या उलट बाजूला झुकतं. हाताने पाहिलं तर उजव्या बाजूला मुळाजवळ एक घट्ट गुठळी लागली, तिच्यावरून कातडी सरकत होती, गुठळी जागची हलत नव्हती. लघवीच्या तोंडाशी रक्त नव्हतं, लघवी स्वच्छ झाली होती.

रक्ताच्या तपासण्या, जेवणाची वेळ वगैरे बघून सहाच्या सुमारास ओटीत घेतलं. कमरेत इंजेक्शन देऊन भूल दिली. लिंगाच्या टोकाच्या मागे गोल छेद घेऊन कातडी मुळापर्यंत मागे केली, गुठळी काढली, आणि खाली फट दिसली, आडवी, दीड सेंटिमीटरच्या आसपास. कडा ताज्या होत्या, सहज जुळल्या. विरघळणाऱ्या धाग्याने शिवलं, मग सलाईन भरून कृत्रिम ताठरता आणली, कुठून गळत तर नाही ना, आणि सरळ राहतं ना, ते बघितलं आणि कातडी परत बसवली. साधारण तासाभराचं काम. दुसऱ्या दिवशी लघवीसाठी घातलेला कॅथेटर काढला, तिसऱ्या दिवशी तो घरी गेला. सहा आठवडे संबंध बंद. तीन महिन्यांनी दाखवायला आला तेव्हा ताठरता पूर्वीसारखी होती, वाक नव्हता, शिवलेल्या जागी किंचित कडकपणा तेवढा हाताला लागत होता.

हेच ऑपरेशन आठ-दहा दिवसांनी करायचं म्हटलं तर सूज सगळीकडे मुरलेली असते, गुठळी चिकटलेली असते, व्रण धरायला सुरुवात झालेली असते, कडा शोधाव्या लागतात आणि त्या तितक्या छान जुळत नाहीत. म्हणून तासांचा हिशेब. शक्यतो पहिल्या २४ तासांत, आणि त्यातही जितक्या लवकर तितकं चांगलं. याचा अर्थ २४ तास उलटले म्हणजे सगळं संपलं असा मात्र कोणी घेऊ नका. दुसऱ्या-तिसऱ्या दिवशी आलेल्यांचं, काही वेळा आठवड्याने आलेल्यांचंही ऑपरेशन करतात आणि बऱ्याच जणांना चांगला फायदा होतो. "आता उशीर झालाच आहे तर राहू दे" हा विचार करून घरी बसणं हे सगळ्यात वाईट.

प्रश्न : आवाज आला नाही, ताठरताही लगेच गेली नाही, पण वरच्या बाजूला सूज आणि काळंनिळं आहे. फ्रॅक्चरच का?

नसेलही. वरच्या बाजूच्या शिरांपैकी एखादी फुटली तरी सूज येते, काळंनिळं होतं, पण त्यात सहसा टक् आवाज नसतो आणि ताठरता हळूहळू जाते. मात्र फ्रॅक्चरमध्येही प्रत्येकाला आवाज ऐकू येतोच असं नाही. हा फरक घरी आरशात बघून करता येत नाही, आम्हालाही काही वेळा आत बघितल्यावरच कळतो. आजच दाखवा.

प्रश्न : टोकातून रक्त आलं, लघवीला जोर लावावा लागतोय. सूज उतरली की होईल ना नीट?

सूज उतरायची वाट बघू नका. टोकाशी रक्त, लालसर लघवी किंवा लघवी अडकणं, यातलं काहीही असेल तर लघवीची नळीही फाटलेली असू शकते. दोन्ही पोकळ्यांना इजा झाली असेल तर ही शंका आणखी वाढते. जोर लावून लघवी करत राहिलात तर लघवी फटीतून आसपास झिरपू शकते आणि जंतुसंसर्ग होऊ शकतो. आणि कोणाकडूनही, अगदी ओळखीच्या कंपाउंडरकडूनही, घरी कॅथेटर घालून घेऊ नका, अर्धवट फाटलेली लघवीची नळी त्याने पूर्ण फाटू शकते. हॉस्पिटलमध्ये आधी औषध भरून एक्सरे काढतात किंवा ओटीतच दुर्बिणीने बघतात, आणि फाटली असेल तर त्याच ऑपरेशनमध्ये शिवून आत कॅथेटर ठेवतात, तो काही दिवस ते दोन-तीन आठवडे राहू शकतो. युरोलॉजिस्ट लागेलच.

प्रश्न : सोनोग्राफीत "फट स्पष्ट दिसत नाही" आलं. आता एमआरआय सांगितलाय, तारीख परवाची आहे. थांबू ना?

तुम्हाला तपासलेल्या डॉक्टरांना एकच विचारा, हाताने तपासून तुमचं मत काय आहे? आवाज, लगेच उतरलेली ताठरता, वाढती सूज, जांभळेपणा, वाक, एवढं सगळं जुळत असेल तर निदान तपासणीवरच होतं आणि सोनोग्राफी नॉर्मल असली तरी ऑपरेशन टाळत नाहीत. सोनोग्राफी उपयोगाची आहे, फट कुठे आहे ते कळलं तर छेद नेमका घेता येतो, पण ती करणाऱ्याच्या हातावर अवलंबून असते आणि गुठळीखाली लहान फट सुटू शकते. एमआरआय चांगला आहे, तो खऱ्या शंकेच्या केसमध्ये, आणि लगेच मिळत असेल तर. परवाच्या तारखेसाठी दोन दिवस घालवणं मला पटत नाही. काही ठिकाणी या अवस्थेतल्या माणसाला हार्मोनपासून वीर्यापर्यंत सगळ्या तपासण्यांचं पॅकेज लिहून देतात, त्याचा राग येतो. आज रात्री टाके घालायचे की नाही हे वीर्यतपासणीने कसं ठरणार? तुमचे डॉक्टर "मलाही खात्री नाही" म्हणाले तर आजच्या आज दुसऱ्या युरोलॉजिस्टचं मत घ्या.

प्रश्न : मी वर होते तेव्हा झालं. यांचं ऑपरेशन झालंय, ते काही बोलत नाहीत, पण मला सारखं वाटतं माझ्यामुळेच झालं.

ताई, तुमच्यामुळे नाही झालं. बाई वर असताना किंवा पुरुष मागून असताना ही इजा जास्त नोंदली जाते, याचं कारण साधं आहे. लिंग बाहेर निसटलं तरी हालचाल चालूच राहते, आणि मग ते आत न जाता हाडावर किंवा दोन पायांमधल्या भागावर आपटून वाकतं. वर असणाऱ्याला ते निसटलंय हे कळायलाच क्षणभर लागतो आणि तोपर्यंत शरीराचं वजन खाली आलेलं असतं. झोपेत ताठरता असताना कूस बदलतानाही असं झालेलं आहे. पुढे काळजी घ्यायची ती इतकीच, की निसटलं असं वाटलं की दोघांपैकी जो आधी म्हणेल "थांब" त्याला थांबायचं, आणि कोरडेपणा असेल तर केमिस्टकडून ल्युब्रिकंट घ्यायचं. ते गप्प आहेत ते बहुतेक पुढच्या वेळी जमेल का या भीतीने. पुढच्या व्हिजिटला दोघं मिळून जा आणि डॉक्टरांसमोरच हा विषय काढा.

प्रश्न : हळद आणि एरंडेल लावून शेकलं तर?

नाही. शेकल्याने रक्तस्राव वाढू शकतो आणि मालिश केल्याने गुठळी हलते. हॉस्पिटल गाठा.

प्रश्न : वय २२. सकाळी ताठरता आली की ती घालवण्यासाठी दाबून वाकवायची सवय आहे, कधी कधी कट् आवाज येतो, दुखत नाही. चालेल?

चालणार नाही, आजपासून बंद करा. इराणच्या पश्चिमेला केरमानशाह नावाचा भाग आहे, तिथे ताठर लिंग असंच मोडल्यासारखं वाकवायची सवय आहे, तिला तकांदन म्हणतात, आणि तिथल्या डॉक्टरांनी या सवयीतून झालेल्या फ्रॅक्चरच्या शेकड्याने केसेस नोंदवल्या आहेत. त्यांनाही आधी नुसता आवाजच यायचा. सकाळची ताठरता उठून लघवीला जाऊन आलात की आपोआप उतरते. आणि आता कुठे गाठ, वाक किंवा दुखणं जाणवत असेल तर एकदा युरोलॉजिस्टला दाखवून घ्या.

प्रश्न : तीन महिन्यांपूर्वी असं झालं होतं, लाजेपोटी कुठे गेलो नाही. आता वाकडं होतं आणि ताठरता टिकत नाही. एका क्लिनिकने तेल आणि चूर्णाचा तीन महिन्यांचा कोर्स सांगितलाय, आधी पैसे भरायचे आहेत.

पैसे भरू नका. तेल कातडीवर राहतं, व्रण कातडीच्या खाली ट्युनिकात आहे, तिथपर्यंत जाऊन तो विरघळवेल असं कुठलंही तेल नाही. स्टँडवरच्या पाट्या आणि फोनवर येणाऱ्या जाहिराती तुमच्यासारख्यांच्या लाजेवरच चालतात, आणि तीन महिन्यांचा कोर्स संपेपर्यंत ते तुम्हाला शरीरसंबंधांत "कमजोर" ठरवून पुढचा कोर्स विकतात. काही चूर्णांत लपवून ताठरतेच्या गोळ्यांची भेसळ सापडलेली आहे, हृदयविकाराच्या नायट्रेट गोळ्या चालू असतील तर तो प्रकार जिवावर बेतू शकतो. ऑनलाइन मिळणारे ओढायचे पट्टे आणि पंपही स्वतःच्या मनाने वापरू नका.

तुमच्या बाबतीत दोन गोष्टी वेगवेगळ्या तपासाव्या लागतील, वाक किती आहे आणि रक्तपुरवठा कसा आहे. घरी ताठरता असताना वरून आणि बाजूने मोबाईलवर फोटो काढून डॉक्टरांना दाखवा, त्याने बरंच काम सोपं होतं. इंजेक्शन देऊन डॉप्लर सोनोग्राफी केली की रक्त येतंय पण निसटतंय का ते कळतं. वाकाचं ऑपरेशन लगेच करत नाहीत, व्रण पक्का होऊन वाक काही महिने जिथल्या तिथे राहिला की ठरवतात, आणि तेही संबंधाला अडथळा होत असेल तरच. ताठरतेसाठी गोळ्यांपासून सुरुवात होते. म्हणजे उपाय आहेत, पण ते तुम्हाला तपासल्यावरच सांगता येतील, मेसेजवर नाही.

प्रश्न : ऑपरेशनला १० दिवस झाले. पहाटे ताठरता येते, टाके तुटतील का?

सहसा नाही. त्या ताणाचा विचार करूनच ते घातलेले असतात. अचानक सूज, रक्त किंवा तीव्र कळ आली तर मात्र त्याच दिवशी सर्जनला दाखवा. संबंध आणि हस्तमैथुन चार ते सहा आठवडे बंद, नेमके किती ते तुमचे सर्जन सांगतील.

प्रश्न : ऑपरेशनमध्ये सुंता करावीच लागते का?

करावीच लागते असं नाही. काही सर्जन नंतरच्या सुजेमुळे पुढची कातडी अडकू नये म्हणून सुचवतात. संमतीपत्रावर सही करण्याआधी विचारा.

प्रश्न : आमच्या गावात युरोलॉजिस्ट नाही, रात्री असं काही झालं तर जायचं कुठे? आणि काउंटरवर काय सांगायचं?

जवळचं जिल्हा रुग्णालय किंवा मेडिकल कॉलेज, जिथे रात्री सर्जन आणि भूलतज्ज्ञ असतील ते. अनुभवी जनरल सर्जनही हे टाके घालू शकतात, नळीला इजा असेल तर ते पुढे पाठवतील. निघण्याआधी फोन करून विचारा म्हणजे दोन ठिकाणी हेलपाटा होणार नाही. निघाल्यापासून काही खाऊ-पिऊ नका, चहासुद्धा नको, कारण भूल द्यायची आहे, आणि शेवटचं कधी खाल्लं ते लक्षात ठेवा. दारू घेतली असेल, ताठरतेची गोळी घेतली असेल, रक्त पातळ करायचं औषध चालू असेल तर तेही सांगा, ते लपवलं तर भूल देणाऱ्याला अडचण होते. वाटेत फडक्यात गुंडाळून बर्फ थोडा थोडा वेळ लावायला हरकत नाही, घट्ट पट्टी बांधू नका.

काउंटरवर "बाथरूममध्ये पडलो" असं सांगू नका. त्याने तुमचा नंबर ड्रेसिंगच्या रांगेत लागतो आणि दोन तास तिथेच जातात. "संबंधाच्या वेळी आवाज आला आणि सूज आली, पेनाईल फ्रॅक्चरची शंका आहे, सर्जनला बोलवा" एवढंच म्हणा. मोठ्याने म्हणवत नसेल तर कागदावर लिहून कॅज्युअल्टी मेडिकल ऑफिसरच्या हातात द्या, आणि आवाज किती वाजता आला तेही त्याच कागदावर लिहा.